तोट्यातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय

एखादे उत्पादन नफा-तोटा पत्रकात तोट्यात दिसले, तर ते बंद केल्याने खरोखर किती पैसे वाचतील हे तपासण्याची व्यवस्थापकीय हिशेबातील पद्धत. त्यासाठी खर्चाचे दोन भाग पाडतात. उत्पादन थांबताच जो थांबतो तो टाळता येणारा खर्च. इमारतीचे भाडे, कार्यालयाचे पगार यांसारखा सर्व उत्पादनांवर वाटलेला, पण उत्पादन बंद पडले तरी चालूच राहणारा तो सामाईक खर्च. वेगवेगळ्या निर्णयांसाठी खर्चाचे वेगवेगळे आकडे लागतात, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी 1923 च्या ग्रंथात मांडले होते.

समजा, एका डेअरीचा महिन्याचा सामाईक खर्च 12 लाख रुपये आहे आणि तो विक्रीच्या प्रमाणात वाटला जातो. दुधाची विक्री 40 लाख, दही व श्रीखंडाची प्रत्येकी 20 लाख. टाळता येणारा खर्च अनुक्रमे 32, 14 आणि 18 लाख. श्रीखंडाकडे 2 लाख उरतात. वाट्याला आलेले 3 लाख वजा केले की 1 लाखाचा तोटा दिसतो. डेअरीचा एकूण नफा मात्र 4 लाख आहे.

श्रीखंड बंद केले तर तोटा वाचत नाही, उलट ते 2 लाख जातात आणि एकूण नफा 2 लाखांवर येतो. तेच 12 लाख आता दोघांवर पडतात. दुधाच्या वाट्याला 8 लाख येतात आणि त्याचा नफा शून्य होतो. पुढच्या बैठकीत दुधावर बोट ठेवले आणि तेही बंद केले, तर दह्याचे 6 लाख 12 लाखांपुढे तोकडे पडतात.

कोणता खर्च टाळता येतो, हे त्याच्या नावावरून ठरत नाही. श्रीखंड विभागाच्या पर्यवेक्षकाला दही विभागात हलवले आणि तिथे त्याची गरज नसली, तर त्याचा पगार वाचला असे म्हणता येत नाही. यंत्राचा घसारा हा आधीच झालेल्या खर्चाचा हिशेब आहे; यंत्र विकून येणारी रक्कम मात्र धरावी लागते. शीतगृहाची मोकळी झालेली जागा भाड्याने देऊन महिन्याला 2 लाखांपेक्षा जास्त मिळत असतील, तर श्रीखंड बंद करणेच फायद्याचे.

उत्पन्नाची बाजूही पाहावी लागते, कारण एका उत्पादनासोबत दुसऱ्याचे गिऱ्हाईकही जाऊ शकते. ब्रिटनमध्ये 1963 च्या बीचिंग अहवालाने 2,363 रेल्वे स्थानके बंद करण्याची शिफारस केली. शाखामार्ग गेले, तरी प्रवासी मोटारीने वा बसने मुख्य मार्गावरच्या स्थानकापर्यंत येतील, अशी अपेक्षा होती. अनेकांनी पूर्ण प्रवासच मोटारीने केला आणि मुख्य मार्गाचे उत्पन्नही घटले.

या पद्धतीला काळाची मर्यादा आहे. भाडेकरार संपतो तेव्हा सामाईक खर्चाचा काही भागही टाळता येण्याजोगा होतो आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो.