सरासरीने झाकलेली गळती

यूट्यूबवर चॅनेल चालवणाऱ्यांमध्ये एक मत जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. व्हिडिओ सरासरी किती टक्के पाहिला गेला, तो आकडा पाहावा. चढला तर काम सुधारले, उतरला तर बिघडले. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींसाठी नुसत्या व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या वेळेला वजन दिले, तेव्हापासून या मताला जोर आला. त्यामागे तर्कही आहे. व्ह्यू म्हणजे केवळ क्लिक, थांबणे म्हणजे आवड. इथवर वाद नाही. आक्षेप पुढच्या पायरीला आहे. चॅनेलवर पहिल्यांदाच आलेला प्रेक्षक आणि आधी येऊन गेलेला, परत आलेला प्रेक्षक यांचे थांबणे एका आकड्यात मिसळले, की तो आकडा व्हिडिओबद्दल बोलेनासा होतो. तो मुख्यतः गर्दीत कोण किती होते, एवढेच सांगू लागतो.

हिशेबासाठी एक काल्पनिक चॅनेल घेऊ. मराठी पाककृतींचे, दहा-दहा मिनिटांचे तीन व्हिडिओ. पहिला नेहमीचा, भरल्या वांग्यांचा. त्याला १०,००० व्ह्यूज मिळाले. त्यांतले ८,००० परतणाऱ्यांचे, त्यांनी सरासरी ६० टक्के पाहिला. २,००० नव्यांचे, त्यांनी ३० टक्के पाहिला. एकत्रित सरासरी ५४ टक्के. दुसरा व्हिडिओ गणपतीच्या तोंडावरचा, उकडीच्या मोदकांचा. तो शोधत पुष्कळ नवे लोक आले. परतणारे ८,०००च, पण त्यांनी ६५ टक्के पाहिला. नवे ३२,०००, त्यांनी ३५ टक्के पाहिला. दोन्ही गट आधीपेक्षा जास्त थांबले, तरी सरासरी ४१ टक्क्यांवर आली. तिसरा व्हिडिओ सणानंतरचा. परतणारे ५,४००, त्यांनी ६० टक्के पाहिला. नवे फक्त ६००, त्यांनी १५ टक्के. सरासरी साडेपंचावन्न टक्के.

प्रचलित मताप्रमाणे तिसरा व्हिडिओ सर्वांत चांगला आणि मोदकांचा सर्वांत वाईट. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. मोदकांचा व्हिडिओ दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांना अधिक धरून ठेवणारा होता. तिसऱ्याने नव्यांना पहिल्याच्या निम्मेच थांबवले, एवढेच की नवे संख्येने थोडे असल्यामुळे ती गळती दिसली नाही. सरासरी पाहून निर्णय घेणारा माणूस मोदकांसारखे व्हिडिओ बंद करील आणि तिसऱ्यासारखे वाढवील. पुढे काही महिन्यांनी नवे प्रेक्षक का येत नाहीत, याचे कोडे त्याला पडेल.

लोकसंख्याशास्त्राला हा पेच जुना आहे. केरळचा ढोबळ मृत्युदर देशाच्या सरासरीपेक्षा जास्त दिसतो, तरीही तिथले आयुर्मान देशाच्या सरासरीहून अधिक आहे. कारण तिथे वृद्धांचे प्रमाण मोठे. म्हणून अभ्यासक आधी वयोगटवार दर काढतात आणि एकच आकडा हवा असेल, तर सगळ्या प्रदेशांना एकच वयरचना लावून तो काढतात. आपल्या तीन व्हिडिओंना हेच लावून पाहा. नवे आणि परतणारे निम्मे-निम्मे धरले, तर पहिल्याला ४५, मोदकांना ५० आणि तिसऱ्याला साडेसदतीस टक्के मिळतात. क्रम उलटला, आणि खरा झाला.

विभागणीचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. दोष कुठे आहे, हे ती दाखवते. यूट्यूब स्टुडिओतला रिटेन्शनचा आलेख नव्या आणि परतणाऱ्या प्रेक्षकांसाठी वेगळा काढून पाहता येतो. आपल्या तिसऱ्या व्हिडिओची सुरुवात अशी आहे असे समजा: मागच्या व्हिडिओवरच्या प्रतिक्रियांबद्दल आभार, दोघा-तिघा नेहमीच्या प्रेक्षकांना उत्तरे, मग पाककृती. परतणाऱ्यांना हा जिव्हाळा आवडतो; ३० सेकंदांनंतर त्यांतले ८५ टक्के अजून पाहत आहेत. नव्यांतले ३५ टक्केच उरले. एकत्रित रेषेवर ८० टक्के दिसतात आणि सुरुवात उत्तम जमली असे वाटते. नव्या प्रेक्षकाला मात्र थंबनेलने कबूल केलेला पदार्थ दिसलाच नाही. उलट प्रकारही घडतो. प्रत्येक व्हिडिओत तांदळाची पिठी कशी निवडावी हे नव्याने समजावले, तर नवे थांबतात आणि जुने तेवढा भाग ओलांडून पुढे जातात. त्यांच्या रेषेत तिथे खळगा पडून ती पुन्हा वर येते. दोन दोषांचे उपाय परस्परविरोधी आहेत. म्हणून कोणाची रेषा पडली हे कळल्याशिवाय कात्री लावणे धोक्याचे.

आता विरोधी बाजूचे तीन युक्तिवाद. पहिला असा, की यूट्यूब शेवटी एकूण कामगिरीच पाहते. हे खरे नाही. शिफारशी व्यक्तिगणिक ठरतात. समोरच्या प्रेक्षकाला हा व्हिडिओ रुचेल का, असा तो अंदाज असतो. नवख्यांना व्हिडिओ पुढे दाखवला जाईल की नाही, हे त्यांच्यासारख्या नवख्यांच्या वागण्यावर अवलंबून असते. जुन्यांच्या निष्ठेने त्यांचे निघून जाणे भरून निघत नाही.

दुसरा युक्तिवाद: तुकडे केले की संख्या लहान होते आणि आकडे डळमळतात. हा आक्षेप रास्त आहे. ५० प्रेक्षकांपैकी निम्मे थांबले, तर खरे प्रमाण त्याच्या वर-खाली सुमारे १४ टक्क्यांपर्यंत असू शकते. ६०० प्रेक्षक असतील तर सुमारे ४ टक्क्यांपर्यंत. लहान चॅनेलने म्हणूनच एका व्हिडिओवर निकाल देऊ नये, सारख्या लांबीचे आणि सारख्या प्रकारचे सात-आठ व्हिडिओ एकत्र घेऊन दोन्ही गट पाहावेत. पण संख्या कमी आहे म्हणून वाट पाहावी, हे त्यातून निघते. दोन गट मिसळावेत, हे निघत नाही.

तिसरा युक्तिवाद जास्त बारीक आहे. नवा कोण, हेच पक्के कळत नाही. इनकॉग्निटोमध्ये किंवा दुसऱ्या फोनवर पाहणारा, इतिहास पुसून टाकणारा जुना प्रेक्षकही नव्यांत मोजला जाऊ शकतो. मान्य. पण या गल्लतीचा परिणाम कोणत्या दिशेने होतो ते पाहा. नव्यांत घुसलेले जुने लोक नव्यांची टक्केवारी वाढवतात आणि दोन गटांतले अंतर कमी दाखवतात. म्हणजे जी दरी आलेखात दिसते, ती खऱ्या दरीपेक्षा लहानच असण्याचा संभव आहे. हा दोष विभागणीला खोटे ठरवत नाही, उलट तिचा इशारा सौम्य करतो. सबस्क्रायबर आणि इतर अशी फोड मात्र या फोडीची जागा घेऊ शकत नाही; सबस्क्राइब न करता नियमित येणारे पुष्कळ असतात.

एक सावधगिरी विभागणीच्या समर्थकांनीही बाळगली पाहिजे. परतणारा प्रेक्षक आवडले म्हणूनच परतलेला असतो, त्यामुळे त्याची टक्केवारी बहुतेक वेळा वरच राहणार. नव्यांची तुलना त्याच्याशी करून खंत करू नये. नव्यांची तुलना मागच्या व्हिडिओंच्या नव्यांशी, जुन्यांची मागच्या जुन्यांशी, एवढीच न्याय्य. त्यातही नवे लोक शोधातून आले की होम पेजवरून, हे सारखे असावे; मोदक शोधत आलेला आणि सहज समोर आले म्हणून क्लिक केलेला, दोघांचा धीर वेगळा असतो.

तेव्हा निकाल असा, की एकत्रित सरासरी हे व्हिडिओचे मूल्यमापन नव्हे. ती वर्ज्य नाही, पण तिच्यावरून व्हिडिओची लांबी, सुरुवात किंवा विषय बदलू नये. पुढच्या वेळी आकडा घसरला, तर संपादनाला हात लावण्यापूर्वी दोन रेषा वेगळ्या काढून पाहा. दोन्ही पडल्या असतील तर व्हिडिओत खोट आहे, एकच पडली असेल तर त्या प्रेक्षकापुरता उपाय करा, आणि दोन्ही चढल्या असतील तर व्हिडिओ आहे तसा राहू द्या.