लिंक्डइन : फॉलोअर कधी वाढवावेत, कनेक्शन कधी?

लिंक्डइनवर कनेक्शन म्हणजे दोघांच्या संमतीची ओळख. एकाने विनंती पाठवायची, दुसऱ्याने स्वीकारायची, मग दोघे एकमेकांना थेट मेसेज करू शकतात. फॉलोअर मात्र एकतर्फी असतो: तो आपल्या पोस्ट पाहतो, पण मेसेजचा रस्ता त्यातून उघडत नाही. कनेक्शन 30,000 पर्यंतच होतात, फॉलोअरना अशी मर्यादा नाही.

आमची एक माजी विद्यार्थिनी बी.कॉम. करून अकाउंट्सची नोकरी शोधत होती. तिने बऱ्याच कंपन्यांचे मॅनेजर फॉलो केले. मेसेज करायला गेली, तर पैसे भरायचा प्लॅन समोर आला. आम्ही म्हटलं, "बेटा, आधी आपल्या कॉलेजच्या, अकाउंट्समध्ये लागलेल्या सीनियरना विनंती पाठव. सोबत दोन ओळी लिही: तू कोण, काय विचारायचंय." काहींनी स्वीकारली, आणि जाहिरातीत न आलेली एक जागा त्यातूनच कळली.

नोकरी लागल्यावर ती जीएसटीवर सोप्या भाषेत लिहू लागली. अनोळखी लोकांच्या विनंत्या साचू लागल्या. तेव्हा तिने सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइलवर कनेक्टऐवजी फॉलोचे बटण पुढे आणले. आता वाचणारे फॉलो करतात, विनंती कामापुरतीच येते.

थोडक्यात, कुणाला काही विचारायचं असेल तेव्हा कनेक्शन वाढवा, अनेकांना काही सांगायचं असेल तेव्हा फॉलोअर.