दुकानाचं सोशल मीडिया महिनाभर सांभाळायचंय? प्रस्तावाच्या पत्रात हे लिहा

मिठाईच्या दुकानदाराला ‘रीच’शी देणंघेणं नसतं, त्याला ऑर्डर हव्या असतात. म्हणून पत्राची सुरुवात त्याच्याच पेजवरून करा: ‘तुमच्या इन्स्टाग्रामवर शेवटची पोस्ट गेल्या दिवाळीची आहे, फोन नंबरही नाही.’ मग काम मोजून सांगा: ‘30 दिवसांत 12 पोस्ट. फोटो दुकानात येऊन मी काढेन, भाव तुम्ही तपासाल. जाहिरातीचा खर्च फीमध्ये धरलेला नाही.’ हे शेवटचं वाक्य राहिलं की वाद ठरलेलाच. फेसबुकचा पासवर्ड मागू नका, पेजचा मर्यादित ॲक्सेस मागा. महिना संपल्यावर दुकानदार तो काढून घेऊ शकतो. यश फॉलोअर्सवर नको, व्हॉट्सॲपवर आलेल्या चौकशांवर मोजा. तुलनेसाठी मागच्या महिन्याच्या चौकशा काम सुरू करण्याआधीच मोजून ठेवा.