चतुर्दंड यंत्रणेचा शुद्धगतिकीय अभ्यास

चतुर्दंड यंत्रणेचा शुद्धगतिकीय अभ्यास म्हणजे चतुर्दंड यंत्रणेचे, अर्थात फोर-बार लिंकेजचे, संगणकावर त्रिमितीय प्रारूप तयार करून तिच्या दुव्यांची स्थाने, वेग व त्वरण तपासण्याची पद्धत. या अभ्यासात दुव्यांचे वस्तुमान व त्यांवरील बले विचारात घेतली जात नाहीत. दुव्यांच्या लांब्या, सांध्यांचे प्रकार आणि चालक दुव्याची गती एवढ्यांवरून उरलेल्या दुव्यांची गती ठरते. मोटारीच्या काचेवरील वायपरमध्ये मोटरच्या सलग फिरण्याचे पात्याच्या मागेपुढे हेलकाव्यात रूपांतर करण्यासाठी ही यंत्रणा वापरली जाते.

पडद्यावर यंत्रणा सुरळीत फिरताना दिसली, तरी तेवढ्याने ती योग्य ठरत नाही. त्यामुळे अभ्यासातून मिळणारे आलेख हाताने काढलेल्या काही किमतींशी ताडून पाहिले जातात. या लेखात ही पडताळणी एका उदाहरणाच्या आधारे दिली आहे.

## रचना व उदाहरणातील मापे

यंत्रणेत चार दुवे व चार पिनसांधे असतात. स्थिर दुव्याच्या दोन टोकांना क व घ या स्थिर पिना आहेत असे मानू. क भोवती पूर्ण फिरणारा दुवा कख म्हणजे क्रँक. घ भोवती हेलकावे घेणारा दुवा घग म्हणजे दोलक. आणि या दोहोंना जोडणारा खग म्हणजे कपलर. उदाहरणासाठी पुढील मापे घेतली आहेत.

- क्रँक कख : ४० मिमी
- कपलर खग : १२० मिमी
- दोलक घग : ८० मिमी
- स्थिर दुवा कघ : १०० मिमी

ही सर्व मापे पिनांच्या मध्यांतील अंतरे आहेत. दुव्याच्या पट्टीची एकूण लांबी त्याहून अधिक असते. प्रारूपात चुकून पट्टीच्या टोकापासून टोकापर्यंतचे माप दिले गेले, तर यंत्रणा जुळते आणि फिरतेही, परंतु तिची गती वेगळीच असते.

क्रँक पूर्ण फेरा घेऊ शकेल की नाही, हे जर्मन अभियंता फ्रान्झ ग्रॅशॉफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अटीवरून कळते. सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या दुव्यांच्या लांब्यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी असावी लागते. येथे ४० + १२० = १६० आणि ८० + १०० = १८०; अट पूर्ण होते. सर्वांत लहान दुवा स्थिर दुव्याला लागून असल्यामुळे तो पूर्ण फिरतो आणि समोरचा दुवा केवळ हेलकावे घेतो.

## प्रारूपाची जुळणी

प्रत्येक दुवा स्वतंत्र भाग म्हणून काढून जोडणीत आणला जातो. स्थिर दुवा जागेवर पक्का केला जातो आणि उरलेल्या दुव्यांची छिद्रे समाक्ष करून त्यांचे पृष्ठभाग एकमेकांना टेकवले जातात. अशा रीतीने चार पिनसांधे तयार होतात. क्रँकच्या पिनेवर स्थिर वेगाची आभासी मोटर बसवली जाते. उदाहरणात क्रँक मिनिटाला ६० फेरे, म्हणजे सेकंदाला ३६० अंश, डावीकडे फिरते असे मानले आहे. अशा वेळी एक सेकंदात एक फेरा पूर्ण होतो आणि आलेख वाचणे सोपे जाते.

प्रतलातील यंत्रणा म्हणून हिशेब केल्यास तीन चल दुव्यांच्या नऊ मुक्तता-मात्रांपैकी चार पिनसांधे प्रत्येकी दोन काढून घेतात आणि एक उरते. त्रिमितीय संगणनात मात्र तीन दुव्यांच्या अठरा मात्रा असतात आणि प्रत्येक पिनसांधा पाच काढून घेतो; हिशेब उणे दोन येतो. प्रत्यक्षात यंत्रणा फिरतेच, कारण तीन बंधने अनावश्यक असतात. संगणनप्रणाली ती वगळते. त्यामुळे स्थान, वेग व त्वरण यांत फरक पडत नाही. परंतु पुढे हेच प्रारूप सांध्यांवरील बले काढण्यासाठी वापरले, तर वगळलेल्या दिशांतील बले भरवशाची राहत नाहीत. त्यावर उपाय म्हणून ख येथे गोलीय सांधा व ग येथे दंडगोलीय सांधा देतात. गोलीय सांधा तीन व दंडगोलीय सांधा चार मात्रा काढून घेतो, आणि हिशेब नेमका एकवर येतो.

## हाताने काढायच्या किमती

### दोलकाची टोकाची स्थाने

क्रँक व कपलर एका सरळ रेषेत येतात, तेव्हा दोलक हेलकाव्याच्या टोकाला असतो. ते एकापुढे एक पसरलेले असताना क व ग यांतील अंतर ४० + १२० = १६० मिमी असते, आणि एकावर एक दुमडलेले असताना १२० − ४० = ८० मिमी. दोन्ही वेळा त्रिकोण कगघ याच्या तीनही बाजू ठाऊक असतात. घ येथील कोन असा मिळतो :

cos घ = (८०² + १००² − कग²) ÷ (२ × ८० × १००)

पसरलेल्या स्थितीत हा कोन १२५.१° आणि दुमडलेल्या स्थितीत ५१.३° येतो. म्हणून हेलकावा ७३.८° असला पाहिजे.

त्याच त्रिकोणांतून क येथील कोन काढल्यास क्रँकची स्थाने मिळतात. कघ या रेषेपासून मोजता पसरलेल्या स्थितीत क्रँक २४.१° वर आणि दुमडलेल्या स्थितीत २३१.३° वर असते. म्हणजे एका दिशेच्या हेलकाव्यात क्रँक २०७.२° फिरते आणि परतीच्या हेलकाव्यात उरलेले १५२.८°. काळाचे गुणोत्तर सुमारे १.३६ होते, एक हेलकावा ०.५८ सेकंदांत आणि परतीचा ०.४२ सेकंदांत पूर्ण होतो.

### दोन स्थानांवरील वेग

क्रँक स्थिर दुव्याच्या रेषेत असताना वेग विशेष सोपेपणाने काढता येतो. क्रँक ० अंशांवर असताना पिन ख ही क व घ यांच्या मध्ये, क पासून ४० व घ पासून ६० मिमी अंतरावर असते. कपलरची लांबी बदलत नसल्यामुळे त्याच्या रेषेतील वेगाचा घटक दोन्ही टोकांना सारखा असावा लागतो. त्यावरून दोलकाचा कोनीय वेग क्रँकच्या ४०/६० पट, म्हणजे सेकंदाला २४० अंश, आणि उलट दिशेने येतो. क्रँक १८० अंशांवर असताना ख हे घ पासून १४० मिमी दूर असते. तेथे वेग ४०/१४० पट, म्हणजे सेकंदाला सुमारे १०३ अंश, आणि त्याच दिशेने असतो.

## आलेखांची पडताळणी

अभ्यास एका फेऱ्यासाठी चालवून दोलकाच्या कोनाचा व कोनीय वेगाचा आलेख काढला जातो. त्यात वरील पाच किमती दिसल्या पाहिजेत : हेलकाव्याची दोन टोके, काळाचे गुणोत्तर आणि दोन वेग. त्या दशांशापर्यंत न जुळल्यास चूक शोधावी लागते. नेहमी आढळणाऱ्या चुका पुढीलप्रमाणे आहेत.

उलटी जुळणी. त्याच लांब्यांचे दुवे दोन प्रकारे जुळतात. पिन ग ही खघ या रेषेच्या वर किंवा खाली असू शकते. सांध्यांच्या दृष्टीने दोन्ही जुळण्या वैध असल्यामुळे प्रणाली कोणतीही तक्रार करत नाही. या चुकीत हेलकावा ७३.८°च राहतो, म्हणून केवळ तेवढी किंमत पाहून ती सापडत नाही. दोलक कघ रेषेच्या दुसऱ्या बाजूला दिसतो आणि टोकाची स्थाने क्रँकच्या २४.१° व २३१.३° ऐवजी ३३५.९° व १२८.७° वर येतात.

मोटरची उलटी दिशा. अशा वेळी टोकाची स्थाने बरोबर येतात, परंतु मंद व जलद हेलकाव्यांची अदलाबदल होते.

विरळ नमुने. सेकंदाला २५ चौकटी घेतल्यास दोन चौकटींमध्ये क्रँक १४.४° पुढे जाते. टोकाजवळ दोलक जवळजवळ थांबलेला असल्यामुळे कोनाच्या आलेखात फारसा फरक दिसत नाही. त्वरणाचा शिखरबिंदू मात्र दोन चौकटींमध्ये निसटू शकतो. सेकंदाला ३६० चौकटी घेतल्यास प्रत्येक अंशाला एक नमुना मिळतो.

## पारेषण कोन

कपलर व दोलक यांच्यातील कोनाला पारेषण कोन म्हणतात. कपलरमधील बलाचा या कोनाच्या ज्येइतका भागच दोलकाला फिरवतो. उरलेला भाग पिनेवर दाब देतो. रचना करताना हा कोन साधारणपणे ४०° पेक्षा कमी होऊ दिला जात नाही. क्रँक ० अंशांवर असताना ख व घ यांतील अंतर सर्वांत कमी, ६० मिमी, असते. तेव्हा

cos (पारेषण कोन) = (१२०² + ८०² − ६०²) ÷ (२ × १२० × ८०) = ०.८९६

म्हणजे हा कोन केवळ २६.४° असतो. अशा स्थितीत दोलकावर काटकोनातून मिळाले असते तेवढेच बल मिळवण्यासाठी कपलरमध्ये सव्वादोन पट बल लागते. शिवाय याच क्षणी दोलक सेकंदाला २४० अंश वेगाने परतत असतो आणि क्रँकच्या पुढील २४.१° मध्ये, म्हणजे सुमारे ०.०७ सेकंदात, त्याला थांबायचे असते. शुद्धगतिकीय अभ्यासात मोटर कितीही बल देऊ शकते असे गृहीत असल्यामुळे पडद्यावर ही अडचण जाणवत नाही. प्रत्यक्ष यंत्रात तीच पिनांची झीज, आवाज किंवा अडकणे या रूपांत दिसते.

कपलर १०० मिमी केल्यास लघुतम पारेषण कोन ३६.९° होतो व हेलकावा ६४.७° उरतो. त्याबरोबर क्रँकही ३० मिमी केल्यास कोन ४४.०° पर्यंत वाढतो, परंतु हेलकावा ४७.७° पर्यंत घटतो. मोठा हेलकावा हवा असल्यास स्थिर पिनांची जागा व दोलकाची लांबीही नव्याने ठरवावी लागते.

## मर्यादा

शुद्धगतिकीय अभ्यास केवळ सांधे पाळतो. दोन घन भाग एकमेकांतून आरपार गेले तरी गती थांबत नाही. या उदाहरणात क्रँक २३१.३° वर असताना दुमडलेला कपलर नेमका पिन क वरून जातो. क्रँकचा दंड कपलरच्या प्रतलातून पुढे काढलेला असल्यास प्रत्यक्षात दोघे आदळतील. म्हणून दंड क्रँकपाशीच संपवावा लागतो आणि पूर्ण फेऱ्यासाठी भागांच्या छेदाची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. पिन व छिद्र यांतील सैलपणा, दुव्यांचे वाकणे आणि घर्षण हेही या अभ्यासात येत नाहीत. त्यांसाठी वस्तुमान व बले धरून गतिकीय विश्लेषण केले जाते.