प्रोटीन किती आहे? ब्रॅडफर्ड की बीसीए, साबण असलेल्या नमुन्यासाठी कोणती चाचणी निवडायची?

प्रयोगशाळेत पेशींमधलं प्रोटीन बाहेर काढायचं तर आधी पेशी फोडावी लागते. पेशीचं आवरण चरबीचं असतं आणि चरबी सोडवायला साबणासारखा पदार्थ लागतो. अशा पदार्थांना डिटर्जंट म्हणतात. पेशी फुटते, प्रोटीन मोकळं होतं, पण डिटर्जंट त्याच द्रावणात राहतो. पुढच्या पायरीला, म्हणजे प्रोटीन मोजायला गेलं की तोच आकडा बिघडवू शकतो.

हा आकडा चुकला तर काय होतं? समजा, औषध दिल्यावर पेशीतलं एखादं प्रोटीन कमी होतं का, हे पाहायचं आहे. त्यासाठी औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींमधून सारखंच, म्हणजे २० मायक्रोग्रॅम प्रोटीन घेऊन तुलना करतात. मोजमाप चुकलं आणि एका नमुन्यातून प्रत्यक्षात १३ मायक्रोग्रॅमच गेलं, तर औषधाने काहीही केलेलं नसताना प्रोटीन 'कमी झालेलं' दिसेल.

ब्रॅडफर्ड चाचणी कशी चालते?

मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी ही पद्धत १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. यात कोमासी ब्रिलियंट ब्लू जी-२५० नावाचा रंग वापरतात. आम्लात हा रंग तपकिरी-लालसर दिसतो. प्रोटीनला चिकटला की निळा होतो. निळेपणा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. पाच-दहा मिनिटांत उत्तर मिळतं, म्हणून ही चाचणी लोकप्रिय आहे.

हा रंग मुख्यतः प्रोटीनमधल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या धन भार असलेल्या जागी आणि प्रोटीनच्या तेलकट भागांना चिकटतो. डिटर्जंटची अडचण इथेच येते. ट्रायटन एक्स-१०० सारखा डिटर्जंटही तेलकट स्वभावाचा असतो, त्यामुळे रंग त्यालाच चिकटतो आणि प्रोटीन नसतानाही द्रावण निळं होऊ लागतं. एसडीएस या डिटर्जंटचं वागणं वेगळं आहे. त्याच्यावर ऋण भार असल्याने तो प्रोटीनवरच्या धन भाराच्या जागा आधीच अडवून बसतो. म्हणजे एक डिटर्जंट आकडा फुगवतो, तर दुसरा तो घटवूही शकतो.

मग बीसीए वेगळी कशी?

बीसीए म्हणजे बायसिंकोनिनिक आम्ल. ही पद्धत १९८५ मध्ये आली. इथे रंग प्रोटीनला चिकटत नाही. अल्कधर्मी द्रावणात प्रोटीनचे पेप्टाइड बंध तांब्याच्या आयनाला एक इलेक्ट्रॉन देतात. तांब्याचा दोन धन भाराचा आयन एक धन भाराचा होतो, आणि बीसीएचे दोन रेणू त्याला पकडतात. हिरवट द्रावण जांभळं होतं. ही जांभळी छटा ५६२ नॅनोमीटरला मोजतात. साधारणपणे ३७ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं ठेवावं लागतं.

डिटर्जंट तांब्याला इलेक्ट्रॉन देत नाहीत. म्हणून नमुन्यात ५ टक्क्यांपर्यंत एसडीएस किंवा ट्रायटन असला तरी नेहमीची बीसीए चाचणी चालते. नेहमीच्या ब्रॅडफर्डमध्ये मात्र ही मर्यादा ०.१ टक्क्याच्या आसपास असते.

पण बीसीएचेही शत्रू आहेत. डीटीटी आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल हे पदार्थ तांब्याला स्वतःच इलेक्ट्रॉन देतात. त्यामुळे प्रोटीन नसलेली नळीही जांभळी होते. ग्लुकोजही हेच करतो. ईडीटीए जास्त असेल तर तो तांबंच पकडून ठेवतो आणि रंग फिका पडतो. डीटीटीची मर्यादा सुमारे १ मिलिमोलर, तर ईडीटीएची सुमारे १० मिलिमोलर असते.

एक उदाहरण: रिपा बफरमधला नमुना

पेशी फोडण्यासाठी रिपा नावाचा बफर खूप वापरला जातो. त्यात साधारणपणे १ टक्का ट्रायटन किंवा एनपी-४०, ०.५ टक्का सोडियम डीऑक्सिकोलेट आणि ०.१ टक्का एसडीएस असतं. म्हणजे एकाच बाटलीत तीन डिटर्जंट.

समजा, या नमुन्यात प्रत्यक्षात दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम प्रोटीन आहे. नमुना ५ पट विरळ करून ब्रॅडफर्ड केली, तर ट्रायटन ०.२ टक्के उरतो, म्हणजे मर्यादेच्या वरच. आकडा ४.५ येऊ शकतो. त्या आकड्यावर विसंबून २० मायक्रोग्रॅमसाठी ४.४ मायक्रोलिटर घेतले, तर खरं प्रोटीन सुमारे १३ मायक्रोग्रॅमच जाईल.

तोच नमुना ५ पट विरळ करून बीसीए केली, तर आलेखावर दर मिलिलिटरला ६०० मायक्रोग्रॅम हे वाचन येईल. त्याला ५ ने गुणलं की ३ मिलिग्रॅम. २० मायक्रोग्रॅमसाठी ६.७ मायक्रोलिटर लागतील. रिपामध्ये डीटीटी घातलेलं नसेल, तर इथे बीसीए हीच सरळ निवड.

ब्रॅडफर्डच करायची असेल तर? २० पट विरळ केल्यावर ट्रायटन ०.०५ टक्क्यांवर येतो आणि प्रोटीन दर मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅम उरतं, जे अजून मोजता येतं. म्हणजे प्रोटीन भरपूर असेल तर हा मार्ग खुला आहे. प्रोटीन मुळात कमी असेल, तर विरळ करताना तेच हरवतं.

नुसत्या बफरचं वाचन वजा केलं तर?

इतकंच पुरत नाही. डिटर्जंट फक्त स्वतःचा रंग मिसळत नाही, तर रंग प्रोटीनला किती चिकटतो हेही बदलतो. म्हणून बीएसए हे प्रमाण प्रोटीन नमुन्याच्याच बफरमध्ये, तितक्याच पट विरळ करून आलेख काढावा. हा नियम दोन्ही चाचण्यांना लागू आहे.

आकडा बिघडलाय हे कसं ओळखायचं?

पहिली खूण म्हणजे प्रोटीन नसलेल्या बफरची नळी. ती ब्रॅडफर्डमध्ये निळी किंवा बीसीएमध्ये जांभळी झाली तर थांबा.

दुसरी तपासणी: नमुना ५, १० आणि २० पट विरळ करून मोजा आणि वाचनांना त्या-त्या पटीने गुणा. उत्तरं जवळपास सारखी आली पाहिजेत. ४.५, ३.६, ३.१ अशी घसरण दिसली, तर विरळ होताना अडथळा कमी होतोय, असं समजा.

तिसरी तपासणी म्हणजे नमुन्यात माहीत असलेलं बीएसए मिसळणं. १०० मायक्रोग्रॅम घालून वाचन फक्त ६० ने वाढलं, तर काहीतरी रंग दाबतंय.

डिटर्जंट आणि डीटीटी दोन्ही असतील तर?

जेलवर नमुना चढवण्याच्या बफरमध्ये बहुधा २ टक्के एसडीएस आणि ५० ते १०० मिलिमोलर डीटीटी असतं. इथे दोन्ही चाचण्या अडकतात. डीटीटी मर्यादेत आणायला १०० पट विरळ करावं लागेल, आणि तेवढ्यात प्रोटीन मोजण्यापलीकडे जाईल. सोपा उपाय म्हणजे डीटीटी घालण्याआधीच थोडा नमुना मोजणीसाठी बाजूला काढणं. ती वेळ निघून गेली असेल तर नमुन्याच्या चौपट थंडगार अॅसिटोन घालून उणे २० अंशांवर तासभर ठेवतात. खाली बसलेलं प्रोटीन सेंट्रिफ्यूजने वेगळं करतात, स्वच्छ बफरमध्ये विरघळवतात आणि मग बीसीए करतात. मात्र यात थोडं प्रोटीन वाया जातं आणि ते पुन्हा पूर्ण विरघळेलच असं नाही. डीटीटी सहन करणारे बीसीएचे खास किटही मिळतात.

थोडक्यात, बाटलीवरची घटकांची यादी वाचा. डिटर्जंट असेल आणि डीटीटी नसेल तर बीसीए. डीटीटी असेल आणि डिटर्जंट नसेल तर ब्रॅडफर्ड. दोन्ही असतील तर आधी नमुना स्वच्छ करा, मग मोजा.