बिटमॅप इंडेक्स: एका नोंदीत हजारो ओळी

विश्लेषणासाठी बांधलेल्या डेटाबेसच्या अभ्यासाला सुरुवात करणाऱ्यांना पहिल्याच टप्प्यावर एक सरसकट नियम ऐकायला मिळतो: रकान्यात भिन्न मूल्ये थोडी असतील तर बिटमॅप इंडेक्स घ्यावा. नियम चुकीचा नाही, पण अर्धा आहे. त्याच्या भरवशावर रोज हजारदा बदलणाऱ्या टेबलवर असा इंडेक्स बांधला, तर चांगले चाललेले काम ठप्प होते. या इंडेक्सचा वेग आणि त्याची अडचण यांचे मूळ एकच आहे, हे वाचकाने आधी समजून घ्यावे म्हणून ही प्रस्तावना.

कल्पना जुनी आहे. ‘मॉडेल २०४’ या डेटाबेस प्रणालीत ती प्रत्यक्ष वापरात होती आणि पॅट्रिक ओ’नील यांनी 1987 मध्ये त्या प्रणालीच्या रचनेवर लिहिलेल्या निबंधामुळे ती अभ्यासकांसमोर नीट आली. ओ’नील आणि डॅलन क्वास यांच्या 1997 च्या निबंधाने डेटा वेअरहाउसच्या संदर्भात तिची सविस्तर मांडणी केली. व्यावसायिक डेटाबेसांपैकी ओरॅकलमधला बिटमॅप इंडेक्स सर्वाधिक परिचित आहे, म्हणून पुढचे उदाहरण त्याच्याच आधाराने घेतो.

समजा, पार्सल पोहोचवणाऱ्या एका कंपनीच्या टेबलमध्ये आठ ओळी आहेत. पार्सलची स्थिती ‘रवाना’, ‘पोहोचले’ किंवा ‘परत’ यांपैकी एक असते. प्रत्येक मूल्यासाठी बिटांची एक पट्टी ठेवायची. ज्या ओळीत ते मूल्य आहे त्या जागी 1, इतरत्र 0. पैसे रोखीने घ्यायचे आहेत का, यासाठी वेगळी पट्टी.

```
रवाना     1 0 1 1 0 0 1 0
पोहोचले   0 1 0 0 1 0 0 1
परत       0 0 0 0 0 1 0 0
रोख       1 1 0 1 0 1 0 0
```

‘रवाना झालेली, पण पैसे रोखीने यायचे आहेत अशी पार्सले किती?’ या प्रश्नासाठी पहिली आणि चौथी पट्टी घेऊन AND करायचे. उत्तरात पहिल्या आणि चौथ्या जागी 1 उरतो, म्हणजे दोन पार्सले. मूळ टेबल उघडावेच लागले नाही.

आता ओळी एक कोटी आहेत असे धरू. एका मूल्याची पट्टी एक कोटी बिटांची, म्हणजे साडेबारा लाख बाइटची होते. तिन्ही स्थितींच्या पट्ट्या मिळून साडेसदतीस लाख बाइट. नेहमीच्या बी-ट्री इंडेक्समध्ये प्रत्येक ओळीची वेगळी नोंद आणि तिचा पत्ता ठेवावा लागतो. नोंदीला दहाच बाइट धरले तरी हिशेब दहा कोटी बाइटवर जातो. शिवाय प्रोसेसर एका वेळी 64 बिट हाताळत असेल तर दोन पट्ट्यांचे AND 1,56,250 पावलांत संपते. भिन्न मूल्ये वाढली की पट्ट्याही वाढतात आणि त्यांत बहुतेक शून्येच असतात, म्हणून त्या दाबून ठेवाव्या लागतात. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत विकसित झालेल्या डब्ल्यूएएच पद्धतीत 31 बिटांचा एक गट धरतात. सलग सारख्याच बिटांचे अनेक गट आले, तर ‘शून्याचे इतके गट’ एवढे सांगणारा एकच शब्द लिहितात. हा शब्द 32 बिटांचा असतो.

इथपर्यंत सारे वाचनाच्या बाजूने आहे. आता एक पार्सल ‘रवाना’वरून ‘पोहोचले’वर न्यायचे आहे. बी-ट्रीमध्ये त्या ओळीची जुनी नोंद काढून नवी घालतात. इथे दोन पट्ट्यांना हात लावावा लागतो: एकीत 1 चा 0, दुसरीत 0 चा 1. दुसऱ्या पट्टीत त्या ठिकाणी शून्यांचे 1000 गट एकाच शब्दात दाबलेले आहेत आणि आपला बिट त्यांच्यातल्या 500 व्या गटात येतो, असे समजा. मग त्या एका शब्दाचे तीन होतात: आधीचे 499 गट, आपला बिट असलेला गट, नंतरचे 500 गट. पुढचे सगळे शब्द दोन घरे सरकतात. आणि आपला बिट नेमका कुठे आहे हे कळण्यासाठी पट्टी सुरुवातीपासून मोजत यावे लागते. एका बिटासाठी एवढा खटाटोप.

तरीही खरी अडचण कुलपाची आहे. ओरॅकलमध्ये बिटमॅप इंडेक्सच्या एका नोंदीत मूल्य, ओळींच्या पत्त्यांची सुरुवात, शेवट आणि मधल्या ओळींचे दाबलेले बिट असतात. कुलूप बिटाला लागत नाही, या संपूर्ण नोंदीला लागते. पहिल्या कर्मचाऱ्याने एक पार्सल ‘पोहोचले’ केले आणि अजून COMMIT दिले नाही, तर ‘रवाना’ आणि ‘पोहोचले’ या दोन्ही मूल्यांच्या त्या टापूतल्या नोंदी अडकतात. दुसरा कर्मचारी त्याच टापूतले अगदी वेगळे पार्सल ‘रवाना’वरून ‘परत’वर नेऊ पाहतो आणि ताटकळतो. दोघांच्या ओळींचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो.

याहून वाईट म्हणजे दोघे एकमेकांसाठी अडून बसतात. पहिल्याने ‘रवाना’ मूल्याची ओळ घातली, दुसऱ्याने ‘परत’ची. मग पहिला ‘परत’ची घालू लागला आणि दुसरा ‘रवाना’ची. दोघांचेही COMMIT बाकी आहे. शेवटी डेटाबेस एकाचे विधान `ORA-00060` दाखवून रद्द करतो. निदानासाठी खूण अशी: `enq: TX - row lock contention` ही प्रतीक्षा दिसते, मागितलेले कुलूप मोड 4 चे असते आणि दोन्ही सत्रे वेगवेगळ्या ओळींवर काम करत असतात. अशा वेळी त्या टेबलवर बिटमॅप इंडेक्स आहे का, हे आधी पाहावे.

उपाय तीन दिशांनी शोधले गेले. पहिला म्हणजे बदल साठवून एकदम करणे. रात्री इंडेक्स बंद करायचा, माल भरायचा, इंडेक्स पुन्हा बांधायचा. टेबलचे दिवसानुसार विभाग केलेले असतील तर फक्त ताज्या विभागाचा इंडेक्स बांधावा लागतो.

दुसरा उपाय पट्टीचे तुकडे करण्याचा. रोअरिंग बिटमॅपमध्ये ओळींचे क्रमांक 65,536 च्या खंडांत विभागतात. एका खंडात 4096 पर्यंतच क्रमांक असतील तर ते दोन-दोन बाइटच्या यादीत ठेवतात, त्याहून जास्त असतील तर 8192 बाइटची बिटपट्टी करतात. 4096 क्रमांकांची यादीही नेमकी 8192 बाइटच घेते, म्हणून सीमा तिथे आहे. बदल झाला तर एकाच खंडाला हात लावावा लागतो. सरकवासरकवी टळते, पण अनेक व्यवहार एकाच वेळी चालू असतील तर कुलपाचा प्रश्न वेगळाच सोडवावा लागतो.

तिसरा उपाय 2016 च्या ‘अपबिट’ या संशोधनात दिसतो. प्रत्येक मूल्याच्या पट्टीसोबत फक्त बदलांची एक जोडपट्टी ठेवायची. मूळ पट्टी तशीच राहते, बिट जोडपट्टीत उलटतो आणि वाचताना दोघींचे XOR करून खरे मूल्य मिळते. जोडपट्टी भरत जाते तसे वाचन जड होते, म्हणून ती अधूनमधून मुळात मिसळावी लागते. लिहिण्याचा खर्च इथे नाहीसा होत नाही, तो वाचणाऱ्याकडे थोडा-थोडा वळवला जातो.

म्हणून भिन्न मूल्ये किती, या प्रश्नासोबत दुसराही प्रश्न विचारावा: एकदा लिहिलेली ओळ पुन्हा किती वेळा बदलते आणि एका वेळी किती जण तिच्या शेजारच्या ओळी बदलतात? पार्सलांच्या उदाहरणात ‘स्थिती’ हा रकाना तीनच मूल्यांचा असूनही चालू टेबलवर नापास होतो. ‘रोख’ हा रकाना पार्सल नोंदवल्यावर सहसा बदलत नाही, पण नव्या ओळी अनेक सत्रांतून सतत येत असतील तर तिथेही तोच अडसर येईल. काम संपलेल्या पार्सलांच्या, महिन्याने वेगळ्या केलेल्या इतिहासात मात्र दोन्ही रकान्यांवर हा इंडेक्स निर्धास्त बांधावा. पुढची प्रकरणे वाचण्याआधी वाचकाने चाचणीच्या डेटाबेसमध्ये दोन सत्रे उघडून वरचा अडकण्याचा प्रसंग स्वतः घडवून पाहावा. कुलूप कशाला लागते हे तिथे एका मिनिटात दिसते आणि नंतरच्या साऱ्या रचना कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत ते स्पष्ट होते.