एबीजी तपासणी: ऑक्सिजन कमी पडतोय की कार्बन डायऑक्साइड साठतोय?

दम लागलेल्या रुग्णाच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर फक्त रक्तातला ऑक्सिजन सांगतो, कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. त्यासाठी मनगटाजवळच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी तपासणी करतात.

अहवालात आधी pO2 पाहतात. निरोगी व्यक्तीत तो साधारण 80 ते 100 असतो. साध्या हवेत श्वास घेताना तो 60 च्या खाली गेला, तर श्वसन निकामी होत आहे असे मानतात. नंतर pCO2 पाहतात, तो 35 ते 45 असावा. या आकड्यावरूनच दोन प्रकार वेगळे होतात.

समजा, न्यूमोनियाच्या रुग्णाचा pO2 52 आणि pCO2 30 आहे. फुप्फुसाच्या काही भागात पू व द्रव भरल्याने तिथून जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजन मिसळत नाही. रुग्ण भराभर श्वास घेतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड मात्र जास्तच बाहेर जातो. हा पहिला प्रकार.

आता अनेक वर्षे सीओपीडी असलेला रुग्ण घेऊ. त्याचा pO2 48, pCO2 65, pH 7.29 आणि HCO3 30 आहे. इथे हवेची ये-जाच अपुरी पडते, म्हणून कार्बन डायऑक्साइड साठतो. हा दुसरा प्रकार. साठलेल्या वायूमुळे रक्त आम्लधर्मी होते आणि pH 7.35 च्या खाली उतरतो. HCO3 साधारण 22 ते 26 असते. मूत्रपिंडे ते वाढवून आम्लता सावरतात, पण त्याला काही दिवस लागतात. 30 हा आकडा सांगतो की त्रास जुना आहे. तरीही pH घसरलेला आहे, म्हणजे जुन्या आजारात नवी भर पडली आहे.

उपचार यावरूनच ठरतात. पहिल्या रुग्णाला पुरेसा ऑक्सिजन व प्रतिजैविके देतात. दुसऱ्याला ऑक्सिजन मोजूनच देतात आणि ऑक्सिमीटरवर 88 ते 92 टक्के ठेवतात. जास्त दिल्यास कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. औषधांनी pH सुधारला नाही, तर मास्कद्वारे श्वासाला आधार देणारे यंत्र लावतात. म्हणून आकडा 90 दिसला तरी घरच्यांनी ऑक्सिजनचा प्रवाह स्वतःहून वाढवू नये.

एकाच अहवालावर विसंबता येत नाही. न्यूमोनियाच्या पहिल्या रुग्णाचा pCO2 काही तासांनी 40 झाला, तर तो कागदावर नॉर्मल दिसेल. पण दम तसाच असेल आणि रुग्ण थकलेला दिसत असेल, तर श्वासाचे स्नायू दमत असल्याची ती खूण आहे. चुकून शिरेतले रक्त घेतले गेले, तर pO2 40 च्या आसपास येतो. तेव्हा ऑक्सिमीटर 96 दाखवत असेल, तर तपासणी पुन्हा करावी लागते.

रुग्णाला गुंगी येऊ लागली, सकाळी डोके दुखू लागले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचे हात फडफडू लागले, तर कार्बन डायऑक्साइड वाढत असू शकतो. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला असला तरी लगेच डॉक्टरांना कळवा.